सॅनिटायझर ठेवूनही उलट्यांची साथ थांबत नाही तेव्हा

प्रश्न: मॅडम, आमच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये आठवडाभर उलट्या-जुलाब चालू आहेत, एक बरी होते तर दुसरी पडते. मेसच्या दारात सॅनिटायझर आहे, प्रत्येक मजल्यावर आहे, फरशी रोज फिनाइलने पुसतो. कोविडमध्ये एवढ्यावर भागलं होतं, मग आता का नाही? नक्की कशाने पुसायचं?

उत्तर:

कोविडचा व्हायरस चरबीच्या आवरणातला होता आणि तुमच्याकडे आत्ता जो फिरतोय तो बहुधा त्या आवरणाशिवायचा आहे, म्हणून. मी हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजी आणि इन्फेक्शन कंट्रोल बघते, आणि कोविडनंतर हा घोळ सगळीकडे दिसतो, लोकांच्या डोक्यात सॅनिटायझर म्हणजे सगळ्यावरचा इलाज असं पक्कं बसलंय.

तुमच्या वर्णनावरून मला नोरोव्हायरसचा संशय येतो. उलट्या जास्त, एक-दोन दिवसात मुलगी उभी राहते, आणि तिच्या रूममधली दुसरी साधारण १२ ते ४८ तासांनी आजारी पडते. एकाच जेवणातून विषबाधा झाली असती तर सगळ्या जवळपास एकदम पडल्या असत्या आणि पुढे नवीन केसेस आल्या नसत्या. पण हा अंदाज आहे, पक्कं निदान नाही, त्यामुळे दोन-तीन मुलींचे जुलाबाचे नमुने आजार सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसातच पाठवा आणि महापालिकेच्या किंवा तालुक्याच्या आरोग्य विभागाला कळवा. भाताच्या पेजेसारखे पांढरट पातळ जुलाब होत असतील किंवा जुलाबात रक्त असेल तर मी खाली लिहिलेलं वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

आता मुद्दा. कोरोना, फ्लू, गोवर, एचआयव्ही, डेंगी, हिपॅटायटिस बी आणि सी हे सगळे व्हायरस पेशीतून बाहेर पडताना पेशीच्याच पडद्याचा तुकडा अंगावर ओढून घेतात. तो पडदा चरबीचा असतो आणि नवीन पेशीला चिकटायचे काटे त्याच पडद्यात रोवलेले असतात. पडदा फाटला की काटे विखुरले, मग आतला आरएनए किंवा डीएनए शाबूत असला तरी तो व्हायरस पेशीत शिरू शकत नाही. म्हणजे या व्हायरसचं संसर्ग करायचं हत्यार त्याच्या सगळ्यात नाजूक भागात आहे. साबणाचे रेणू तेलकट कढईवर जे करतात तेच या पडद्यावर करतात, आणि ६० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोलही तो विरघळवतं. त्यामुळे कोविडमध्ये सॅनिटायझर खरंच उपयोगी होतं.

नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ, हिपॅटायटिस ए, लहान मुलांना हात-पाय-तोंडावर फोड येतात त्याचे एन्टेरोव्हायरस, आणि डोळे येण्याच्या साथींमागे बऱ्याचदा असणारा अ‍ॅडिनोव्हायरस, यांच्या अंगावर हा पडदा नसतो. यांचं बाहेरचं कवच सगळं प्रोटीनचं. नोरोव्हायरसचं कवच एकाच प्रोटीनच्या १८० प्रती एकमेकीत अडकवून बनलेलं असतं, घट्ट आणि सगळ्या बाजूंनी सारखं. त्यात चरबी नाहीच, मग साबणाला विरघळवायला काय मिळणार?

आणि पोटातून पसरणारे बहुतेक व्हायरस असे उघडे असतात याला कारण आहे. जठरातलं आम्ल आणि त्यापुढे आतड्यात पित्त लागतं, पित्ताचं कामच चरबी फोडायचं, तिथे चरबीचा पडदा टिकणं अवघड. हिपॅटायटिस ए चं उदाहरण मला फार आवडतं, तो रक्तात असतो तेव्हा पेशीचा पडदा पांघरलेला असतो, पण पित्तात उतरल्यावर तो पडदा निघून जातो आणि शौचातून तो उघडाच बाहेर येतो, काविळीच्या साथीतला हिपॅटायटिस ई सुद्धा तसाच. जो पित्तातून सहीसलामत बाहेर आलाय त्याला हात धुवायच्या साबणाने मारायची अपेक्षा ठेवू नका.

पृष्ठभागावर टिकण्यातही फरक पडतो. कोरोना व्हायरस २०२० च्या प्रयोगांमध्ये प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर जेमतेम ४ तासांपर्यंत जिवंत सापडला होता, आणि तेही दर काही तासांनी निम्मा होत होता, म्हणजे शेवटी उरलेला अगदी नाममात्र. फ्लूचा स्टील-प्लॅस्टिकवर एक-दोन दिवस आणि हातावर काही मिनिटं. नोरोव्हायरस मात्र कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, परिस्थिती जमली तर आठवडे राहतो, आणि वाळलेल्या उलटीत किंवा शौचात असेल तर ते प्रोटीन त्याला अजून सांभाळतं. दमट हवेचंही असंच, साधारणपणे आवरणवाल्यांना कोरडी हवा मानवते आणि पोलिओसारख्या उघड्या व्हायरसना दमट, म्हणून पावसाळ्यात खिडक्या बंद असलेलं बाथरूम या दुसऱ्या गटाला सोयीचं.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवा कारण लोक दोन्ही एकत्र करतात. किती टिकतो आणि कशाने मरतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हिपॅटायटिस बी आवरणवाला आहे तरी वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस संसर्ग करू शकतो, पण नेहमीच्या जंतुनाशकांनी मात्र मरतो. म्हणजे आवरण आहे म्हणून आपोआप मरेल असं धरून चालू नका, आवरणावरून मुख्यतः एवढं कळतं की कुठलं केमिकल चालेल.

तर आता तुमच्या दारातल्या सॅनिटायझरकडे येऊ. अल्कोहोल नोरोव्हायरसवर अगदी शून्य काम करतं असं नाही, चांगल्या टक्केवारीचं इथेनॉल संख्या थोडी कमी करतं, पण भरवशाने संपवत नाही. त्यातही बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, कारण बऱ्याच हँडरबमध्ये इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ते चरबीवर छान काम करतं, पण नोरो, पोलिओ, हिपॅटायटिस ए अशा छोट्या उघड्या व्हायरसवर इथेनॉलपेक्षाही कमजोर. रोटा आणि अ‍ॅडिनो थोडे मधले आहेत, त्यांच्यावर चांगलं इथेनॉल बऱ्यापैकी चालतं. शिवाय तुमचा सामना किती संख्येशी आहे ते बघा. आजारी माणसाच्या एक ग्रॅम शौचात नोरोव्हायरसचे अब्जावधी कण असू शकतात आणि आजारी पडायला मोजके, काही डझन कणही पुरू शकतात. अशा ठिकाणी ९० टक्के कमी झाले हे ऐकायला बरं वाटतं, पण उरलेल्या दहा टक्क्यात सगळं हॉस्टेल बसतं.

बाटलीवरचं ९९.९ टक्के बघून फसू नका. तो आकडा बऱ्याचदा बॅक्टेरियावरच्या चाचणीचा असतो, आणि व्हायरसचा दावा असेल तरी तो आवरणवाल्या व्हायरसवर तपासलेला असू शकतो. युरोपातल्या ईएन १४४७६ या मानकात हा भेद उघड केलेला आहे, तिथे फक्त आवरणवाल्यांवर चालणारं आणि पूर्ण विषाणूनाशक असे वेगळे दर्जे आहेत आणि पूर्ण दर्जा मिळवायला पोलिओ, अ‍ॅडिनो आणि उंदराचा नोरोव्हायरस अशा तिघांवर पास व्हावं लागतं. सप्लायरला थेट विचारा, तुमचं प्रॉडक्ट नोरो किंवा त्याच्या जागी वापरतात त्या व्हायरसवर तपासलंय का, किती पातळ करून आणि किती मिनिटांना. रिपोर्ट दाखवता येत नसेल तर साथीत त्यावर विसंबू नका.

फिनाइलचं तेच. काळं काय, पांढरं काय, वास येतो म्हणजे जंतू मेले असं नाही. हॉस्पिटलात आणि मॉलमध्ये वापरतात ती क्वाट प्रकारातली सुगंधी फ्लोअर क्लीनर, बेंझाल्कोनियम क्लोराइडवाली, ती आवरणवाल्यांवर चांगली पण उघड्यांवर लंगडी पडतात. जखमेचं क्लोरहेक्झिडीनही तसंच. उघड्या व्हायरसचं प्रोटीनच मोडायला लागतं आणि ते करणारं स्वस्त आणि गावोगाव मिळणारं केमिकल म्हणजे क्लोरीन, आपलं सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर.

हात मात्र साबणानेच धुवायचे. साबणाने नोरोव्हायरस मरत नाही, पण तो कातडीवरून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. कोविडमध्ये साबण तोडत होता, इथे तो फक्त सोडवतो, पुढचं काम वाहत्या पाण्याचं. म्हणून बादलीत हात बुचकळून उपयोग नाही, नळाखाली, निदान वीस सेकंद चोळून, अंगठा आणि नखांच्या कडा घासून, आणि मग भरपूर पाण्याने धुवून कोरडे करायचे. मेसच्या बेसिनला खिळ्यावर लटकणारा तो एकच ओला नॅपकिन आजच काढून टाका, सगळ्यांनी धुतलेला व्हायरस तिथे परत हाताला लागतो. टिश्यू परवडत नसतील तर प्रत्येकीने स्वतःचा रुमाल आणावा किंवा हात हवेत वाळवावेत. सॅनिटायझर काढायची गरज नाही, सर्दी-फ्लूला ते चालतं, फक्त जेवणाआधी आणि संडासनंतर ते साबणाच्या जागी धरायचं नाही.

आता पुसायचं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सावकाश लिहिते.

समजा रात्री कॉरिडॉरमध्ये एका मुलीला उलटी झाली. नेहमीचं काय होतं, मावशी येतात, त्यावर फिनाइल ओततात आणि मॉप फिरवतात, मग तोच मॉप पुढे सगळ्या मजल्यावर. म्हणजे एका जागेची उलटी वीस मीटर पसरली. त्याऐवजी आधी मुलींना बाजूला करा, खिडक्या उघडा आणि पंखा बंद करा. पुसणाऱ्या मावशींना ग्लोव्हज, मास्क आणि प्लॅस्टिकचा अ‍ॅप्रन द्या, उलटीचे बारीक शिंतोडे हवेत उडतात आणि ते गिळले जातात. उलटीवर जुनी वर्तमानपत्रं किंवा टिश्यू टाकून ती शोषून घ्या, बाहेरून आत असं गोळा करा आणि डबल पिशवीत बांधा. मग साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्याने जागा नीट घासून पुसा. त्यानंतर हायपो. उलटीचे थेंब ३ मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे दिसतंय तेवढाच डाग पुसून थांबू नका, आजूबाजूची फरशी, भिंतीचा खालचा भाग, जवळच्या दाराची कडी हे सगळं घ्या.

हायपो थेट उलटीवर का ओतायचं नाही? कारण क्लोरीन कुठल्याही सेंद्रिय घाणीशी भिडतं आणि तिथेच संपतं, व्हायरसपर्यंत पोचायला काही उरत नाही. वर आंबट उलटीशी मिसळून त्याचा झोंबणारा वायू निघू शकतो. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात नोरोव्हायरस लागलेली जागा नुसती डिटर्जंटने पुसली तर व्हायरस जात नव्हता, उलट त्या फडक्याने आणि हाताने तो पुढच्या पृष्ठभागांवर जात होता, आणि एक खराब बोट लागोपाठ सात स्वच्छ जागा खराब करू शकत होतं. आधी डिटर्जंटने पुसून मग ५००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का, क्लोरीन वापरलं तेव्हा काम झालं. म्हणजे दोन्ही पायऱ्या लागतात, आणि या क्रमानेच.

प्रमाण असं. बाजारात हायपोचा कॅन साधारण ५ टक्क्यांचा येतो, लेबल बघून खात्री करा, कधी ४ असतो कधी १०. ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. उलटी किंवा जुलाब झालेल्या जागेसाठी ५००० पीपीएम लागतं, म्हणजे १० लिटरच्या बादलीत १ लिटर हायपो आणि ९ लिटर पाणी. रोजच्या पुसण्यासाठी, कड्या, नळ, कठडे, स्विचबोर्ड, तिथे १००० पीपीएम पुरे, १० लिटरच्या बादलीत २०० मिली हायपो. स्विचबोर्डला फडकं घट्ट पिळून पुसा, पाणी आत जाऊ देऊ नका. हायपो नसेल तर ताजी ब्लीचिंग पावडर, तिच्यात साधारण ३० टक्के क्लोरीन धरलं तर १० लिटरला १००० पीपीएमसाठी अंदाजे ३३ ग्रॅम, ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा.

मग वेळ. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. हे कुणी करत नाही. पंखा चालू असतो, फरशी तीन मिनिटात सुकते आणि क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही, पंखा बंद करायला सांगितलं त्याचं हेही कारण. सुकायला लागलं तर परत ओलं करा. दहा मिनिटांनी जेवणाची टेबलं आणि स्टीलचे पृष्ठभाग साध्या पाण्याने पुसून घ्या नाहीतर स्टीलवर डाग आणि खड्डे पडतात.

एवढं करूनही साथ चालू राहिली तर मी सगळ्यात आधी कॅन तपासते. हायपो उन्हात आणि उष्णतेत खराब होतं, झाकण उघडं राहिलं की अजून लवकर, आणि विदर्भात-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन लेबलवर ५ टक्के सांगतो पण आत त्याच्या निम्मंही उरलेलं नसू शकतं. वास येतो म्हणून चांगलं आहे असं समजू नका, कमजोर द्रावणालाही वास येतो. क्लोरीनच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, पण त्यांची रेंज बघून घ्या, पिण्याच्या पाण्याच्या किंवा स्विमिंग पूलच्या स्ट्रिप अगदी कमी क्लोरीन मोजतात, इथे १००० पीपीएमपर्यंत मोजणारी लागते. कॅन सावलीत, थंड जागी ठेवा, त्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, आणि पातळ केलेलं द्रावण रोज सकाळी नवीन बनवा, कालचं उरलेलं ओतून द्या. गरम पाण्यात कधी मिसळू नका.

आणि हे अगदी जीवावरचं आहे म्हणून स्पष्ट लिहिते, संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि हायपो एकाच वेळी एकाच ठिकाणी वापरू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरू शकतो. अ‍ॅसिडने साफ केलं असेल तर भरपूर पाणी टाकून धुवून काढा, हवा खेळू द्या, मग हायपो. पंपाने हवेत किंवा मुलींच्या अंगावर फवारणी तर नकोच, त्याने पृष्ठभाग नीट भिजत नाही आणि डोळ्यांना, छातीला त्रास होतो.

कुठे पुसायचं याचा विचार आपल्या संडासाप्रमाणे करा. इंग्रजी पुस्तकात फ्लशचं हँडल लिहिलेलं असतं, आपल्याकडे आधी मगाचं हँडल. शौच झाल्यावर हात धुवायच्या आधी जे जे पकडलं जातं ते बघा, पाण्याचा मग, बादलीची कडी, खालचा नळ, जेट स्प्रेचा खटका, आतली कडी, आणि मग बाहेरच्या बेसिनचा नळ जो घाण हाताने उघडला जातो आणि धुतलेल्या हाताने बंद होतो. मी हॉस्टेलची पाहणी करते तेव्हा या वाटेवरून स्वतः चालते. साथीत या सगळ्यावर दिवसातून तीन वेळा १००० पीपीएम फिरवा, आणि संडासाचं फडकं, मॉप, बादली वेगळ्या रंगाची ठेवा, ती मेसमध्ये कधीच जाता कामा नये. आजारी मुलींना शक्य असेल तर एक संडास वेगळा द्या.

चादरी झटकू नका, गुंडाळून पिशवीत घालून न्या, डिटर्जंट आणि ६० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. नुसत्या कोमट पाण्याने भागत नाही, नोरोव्हायरस ६० अंशांला अर्धा तास तग धरल्याचे प्रयोग आहेत, म्हणून पांढऱ्या कपड्यांना धुतल्यावर १००० पीपीएम हायपोमध्येही भिजवा. रंगीत कपडे उकळत्या पाण्यात घाला. गादीला रेक्झिनचं कव्हर असेल तर ते आधी साबणाने मग हायपोने पुसता येतं, कापडी गादीवर हायपो ओतून फार काही साधत नाही, ती धुता येत नसेल तर बाजूला काढलेली बरी.

शेवटचं, स्वयंपाकघर. मेसमधल्या कुणाला उलटी-जुलाब झाले असतील, अगदी एकदाच झाले असतील तरी, लक्षणं पूर्ण थांबल्यावर ४८ तास त्या व्यक्तीला पोळ्या लाटायला, कोशिंबीर चिरायला, ताटं वाढायला ठेवू नका. पगार कापणार असाल तर ते आजार सांगणारच नाहीत, त्यामुळे हे दोन दिवस भरपगारी ठेवा. बरं झाल्यावरही शौचातून व्हायरस दोन आठवडे किंवा जास्त जात राहतो, म्हणून ती माणसं कामावर परत आली की साबणाने हात धुणं आणि कच्च्या पदार्थांपासून लांब राहणं हे निदान तेवढे दिवस चालू ठेवा. साथ संपेपर्यंत काकडी-टोमॅटो आणि वरून घालायची कच्ची कोथिंबीर बंद करा, गरम शिजलेलं जेवण द्या, आणि शेवटच्या केसनंतर निदान चार दिवस, म्हणजे लागण झाल्यापासून आजारी पडेपर्यंतच्या ४८ तासांच्या दुप्पट, नवीन कुणी पडलं नाही हे वहीत नोंदवून मगच हायपोचं पुसणं दिवसातून एकदावर आणा.